व्याज शून्यावर आलं, तरी जपानमध्ये कर्ज का उचललं गेलं नाही?

मंदीची चाहूल लागली की सगळीकडून एकच मागणी येते: व्याजदर कमी करा. उद्योगांच्या संघटना ती करतात, अर्थमंत्री सूचकपणे करतात, वर्तमानपत्रांचे अग्रलेखही करतात. त्यामागचा तर्क सरळ आहे. पैसा स्वस्त झाला की लोक कर्ज काढतील, कारखाने यंत्रं घेतील, घरं विकली जातील आणि थांबलेलं चाक फिरू लागेल. बहुतेक वेळा हे खरं ठरतं. पण एक परिस्थिती अशी असते की तिथे व्याज जवळजवळ शून्यावर आणूनही खर्च वाढत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तिला ‘रोखता सापळा’ म्हणतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने 1936 मध्ये या शक्यतेचं वर्णन केलं, तेव्हा त्याला तिची ठळक उदाहरणं दिसत नव्हती. सहा दशकांनी जपानने ते उदाहरण पुरवलं, आणि त्याची किंमत एका अख्ख्या पिढीने मोजली.

माझं म्हणणं असं आहे की, या सापळ्यात सापडलेल्या देशात मध्यवर्ती बँकेकडे आणखी दरकपात किंवा आणखी नोटा मागणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणं. तिथे तीन गोष्टींची गरज असते. बँकांमधली बुडीत कर्जं लवकर साफ करणं, सरकारने स्वतः खर्च करणं आणि सावरल्याची पहिली चिन्हं दिसताच माघार न घेणं. जपानने पहिल्या गोष्टीला उशीर केला, दुसरी तुकड्यातुकड्याने केली आणि तिसरीत वारंवार कच खाल्ली.

जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 च्या अखेरीस 38,915 वर पोचला होता. जमिनीचे भाव असे चढले होते की बँका धंदा न पाहता जमीन पाहून कर्ज देत होत्या. फुगा आवरण्यासाठी बँक ऑफ जपानने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, आपला दर ऑगस्ट 1990 पर्यंत 6 टक्क्यांवर नेला. आधी शेअर बाजार पडला आणि त्यामागोमाग जमीन घसरायला लागली. जुलै 1991 पासून दर उतरवणं सुरू झालं. सप्टेंबर 1995 मध्ये तो अर्ध्या टक्क्यावर होता, आणि फेब्रुवारी 1999 मध्ये बँकांनी एकमेकांना एका रात्रीसाठी द्यायच्या पैशावरचा दर शून्यावर आणायचं जाहीर झालं. तरीही हालचाल झाली नाही. का, ते समजण्यासाठी एका कंपनीची वही उघडून पाहू.

कंपनी काल्पनिक आहे, पण तिच्यासारख्या हजारो होत्या. समजा, ओसाकातली एक मध्यम आकाराची कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते. 1989 मध्ये तिने 100 कोटी येनची जमीन घेतली आणि त्यासाठी बँकेकडून 70 कोटी काढले. दहा वर्षांत ती जमीन 30 कोटींची झाली. कर्ज मात्र 70 कोटींचंच राहिलं. म्हणजे ताळेबंदात 40 कोटींचं भगदाड पडलं. धंदा चालू आहे, माल खपतो आहे, व्याज देण्याआधी वर्षाला 5 कोटी सुटतात. कर्जावर 6 टक्के व्याज होतं तेव्हा 4 कोटी 20 लाख त्यातच जायचे. आता दर 2 टक्के झाला, तर व्याज 1 कोटी 40 लाखांवर येतं आणि 3 कोटी 60 लाख हातात उरतात.

मध्यवर्ती बँकेचा हिशोब असा, की व्याजात वाचलेल्या 2 कोटी 80 लाखांतून मालक नवं यंत्र घेईल, शिवाय स्वस्तात नवं कर्जही काढेल. पण मालकाला ठाऊक असतं की आज जमीन विकावी लागली तर आपण दिवाळखोर ठरतो. हे त्याने कोणाला सांगितलेलं नाही. त्यामुळे उरलेला प्रत्येक येन तो मुद्दल फेडायला लावतो. या वेगाने भगदाड बुजायला सुमारे दहा वर्षं लागतात. आता समजा, बँकेने व्याज शून्य केलं. मग पूर्ण 5 कोटी मुद्दलात जातात आणि दहाऐवजी आठ वर्षं लागतात. दराचा जोर एवढाच. नवं कर्ज घेण्याचा प्रश्न त्या आठ वर्षांत येतच नाही.

एका कंपनीसाठी हे शहाणपण आहे. माझा मुलगा असं वागला तर मी त्याची पाठ थोपटेन. पण सगळ्याच कंपन्या एकाच वेळी कर्ज फेडू लागल्या की एकीने न केलेला खर्च दुसरीचं न आलेलं उत्पन्न होतो. एरवी घरं बचत करतात आणि उद्योग ती उसनी घेऊन खर्च करतात. जपानमध्ये 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात उद्योगक्षेत्र स्वतःच निव्वळ बचत करणारं झालं. घरंही बचत करत होती. मग ती सगळी बचत खर्चात कोण बदलणार? रिचर्ड कू या अर्थतज्ज्ञाने ही गोष्ट वर्षानुवर्षं मांडली आणि मला ती सगळ्यात पटते. व्याज महाग होतं म्हणून कर्ज थांबलं नव्हतं. घेणाराच उरला नव्हता.

दुसरी अडचण किमतींची. खर्च आटला की किमती उतरतात. जपानमध्ये 1998 नंतर किमती कित्येक वर्षं थोड्याथोड्या घसरत राहिल्या, वर्षाला साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी. एक टक्का किरकोळ वाटतो. पण व्याज शून्य आणि किमती एक टक्का घसरत असतील, तर कर्जदाराला खरा व्याजदर एक टक्का पडतो, कारण त्याने फेडायचा येन त्याने घेतलेल्या येनपेक्षा जड झालेला असतो. अशा मंदीत हा खरा दर उणे दोन किंवा तीन टक्के व्हायला हवा असतो. पण किमती घसरत असताना त्यासाठी बँकेचा जाहीर दरच शून्याच्या खाली न्यावा लागतो आणि ते अवघड, कारण माणूस नोटा घरात ठेवू शकतो. जपानी कुटुंबं कपड्यांच्या कपाटात रोकड ठेवतात, त्याला ‘तान्सु योकिन’ असा रूढ शब्दही आहे. 2000 च्या सुमारास तिथल्या कुटुंबांची वित्तीय मालमत्ता अंदाजे 1,400 लाख कोटी येन होती आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग रोकड आणि ठेवींमध्ये होता. उद्या वस्तू स्वस्त मिळणार आणि नोकरीची खात्री नाही, अशा वेळी रोकड धरून बसणं हाच सर्वांत सुरक्षित व्यवहार ठरतो.

मार्च 2001 मध्ये बँक ऑफ जपानने वेगळा रस्ता धरला. दर खाली नेता येत नाही तर पैशाचं प्रमाण वाढवू, असं तिने ठरवलं. बँकांची तिच्याकडे जी खाती असतात, त्यांतली शिल्लक 5 लाख कोटी येनपर्यंत वाढवायचं उद्दिष्ट ठेवलं आणि 2004 पर्यंत ते 30 ते 35 लाख कोटींपर्यंत वाढवत नेलं. बातम्यांमध्ये याला पैसा छापणं म्हटलं गेलं. प्रत्यक्षात मध्यवर्ती बँक व्यापारी बँकेकडून सरकारी रोखे विकत घेते आणि त्या रकमेने बँकेचं खातं भरते. व्यापारी बँकेच्या हातून जवळजवळ शून्य व्याजाचा रोखा जातो आणि त्याजागी शून्य व्याजाची शिल्लक येते. दोन्ही सुरक्षित, दोन्हींवर कमाई नाही. बँक आधीपेक्षा श्रीमंत होत नाही, आणि तिच्या दारात कर्ज मागणारा चांगला गिऱ्हाईकही नव्याने उभा राहत नाही. या वर्षांत खात्यांतली शिल्लक कित्येक पटींनी वाढली आणि बँकांनी दिलेली एकूण कर्जं 2005 पर्यंत घटतच राहिली. सापळा ओळखायची खूण हीच. पालथ्या घड्यावर कितीही पाणी ओता, आत काही साचत नाही.

मग मध्यवर्ती बँकेला करण्यासारखं काहीच उरत नाही का? उरतं, पण ते नोटांच्या संख्येत नसतं. 1998 मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी जपानविषयी लिहिताना एक मुद्दा मांडला, तो आजही सगळ्या चर्चेचा पाया आहे. आज वाढवलेला पैसा उद्या मध्यवर्ती बँक परत ओढून घेणार, असं लोकांना वाटत असेल तर त्या पैशाने काहीच बदलत नाही. अर्थव्यवस्था सावरल्यावरही आपण दर खाली ठेवू आणि किमती थोड्या वाढू देऊ, असं वचन तिने दिलं आणि ते लोकांना खरं वाटलं, तरच आजचा खरा व्याजदर उतरतो. मध्यवर्ती बँकरच्या अंगात हे मुरलेलं नसतं. महागाईला वेळेआधी रोखणं हीच त्याची आयुष्यभराची शिस्त असते, त्यामुळे त्याने दिलेल्या या वचनावर कोणी सहज विश्वास ठेवत नाही.

जपानने हा अविश्वास स्वतःच्या हाताने पक्का केला. एप्रिल 1999 मध्ये गव्हर्नर मासारू हायामी यांनी सांगितलं होतं की चलनघटीची भीती दूर होईपर्यंत शून्य दर राहील. किमती अजून घसरत होत्या, तरी 11 ऑगस्ट 2000 रोजी बँकेच्या मंडळाने भीती दूर झाल्याचं मानून दर पाव टक्क्यावर नेला. सरकारच्या प्रतिनिधींनी मतदान पुढे ढकलायची विनंती केली होती, ती फेटाळण्यात आली. मंडळातल्या दोघांनी विरोधात मत दिलं. त्यांतले एक प्राध्यापक काझुओ उएदा, जे 2023 मध्ये त्याच बँकेचे गव्हर्नर झाले. काही महिन्यांतच संगणकक्षेत्राच्या फुटलेल्या फुग्याचे परिणाम जगभर पसरले, जपानची निर्यात बसली आणि मार्च 2001 मध्ये बँकेला पुन्हा शून्याकडे यावं लागलं. पाव टक्क्याने काही उद्योग बुडाले नसतील. पण हे लोक संधी मिळताच मागे फिरतात, हा धडा मात्र प्रत्येक कर्जदाराने घेतला.

हाच प्रकार 2006 मध्ये पुन्हा घडला. भाव शून्याच्या वर स्थिरावल्यावरच बँकांच्या खात्यांत पैसा ओतणं थांबवू असं बँकेने म्हटलं होतं. मार्च 2006 मध्ये किंमत निर्देशांक अर्ध्या टक्क्याच्या आसपास दिसताच ती थांबली आणि जुलैमध्ये दरही वाढवला. ऑगस्टमध्ये निर्देशांकाचं आधारवर्ष बदललं आणि तो अर्धा टक्का जवळजवळ नाहीसा झाला. इतक्या बारीक फरकावर इतका मोठा निर्णय घेणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

पण सगळा दोष मध्यवर्ती बँकेच्या माथी मारणं अन्यायाचं होईल, कारण मोठी चूक सरकारची होती. 1996 मध्ये जपानची वाढ खरोखर सावरली होती. तेवढ्यावर समाधान मानून र्युतारो हाशिमोतो यांच्या सरकारने एप्रिल 1997 मध्ये उपभोग कर 3 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर नेला आणि खर्चालाही कात्री लावली. त्याच नोव्हेंबरात सान्यो सिक्युरिटीज, होक्काइदो ताकुशोकु बँक आणि यामाइची सिक्युरिटीज एका महिन्यात कोसळल्या. आशियातलं संकट त्यात मिसळलं, हे खरं. पण बँका आतून पोखरलेल्या होत्या. त्यांनी बुडीत कर्जं कबूल केली नव्हती. जुनं व्याज भरता यावं म्हणून त्याच कर्जदाराला नवं कर्ज देत खाती कागदोपत्री जिवंत ठेवली होती. आपल्याकडच्या बुडालेल्या सहकारी बँकांच्या ठेवीदारांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. अशा मेलेल्या कंपन्यांना पोसताना बँकेकडे चालत्या कंपनीसाठी धीर उरत नाही, आणि चालत्या कंपनीला बाजारात त्या मेलेल्या कंपनीशीच स्पर्धा करावी लागते.

ही सफाई खऱ्या अर्थाने ऑक्टोबर 2002 नंतर झाली. मंत्री हेइझो ताकेनाका यांनी मोठ्या बँकांचं थकीत कर्जांचं प्रमाण मार्च 2005 पर्यंत निम्मं करायचं बंधन घातलं. मे 2003 मध्ये रेसोना बँकेत सरकारने सुमारे 2 लाख कोटी येन घातले. उद्दिष्ट मुदतीत पूर्ण झालं आणि त्याच सुमारास बँकांच्या कर्जांची घसरण थांबू लागली. कंपन्यांची भगदाडंही तोवर बरीच बुजली होती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या सफाईला देता येणार नाही. पण फुगा फुटल्यावर हे करायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला, याला कुठलीच सबब पटत नाही.

दरम्यानच्या काळात काय घडलं? 1998 मध्ये जपानमधल्या आत्महत्यांची संख्या एका वर्षात 30,000 च्या वर गेली आणि 2011 पर्यंत ती त्याखाली आली नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून दहाएक वर्षं जी मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, त्यांना तिथे ‘नोकरीच्या हिमयुगातली पिढी’ म्हणतात. जपानी कंपन्या तेव्हा कायमची भरती मुख्यतः पदवीच्या वर्षीच करत. ते वर्ष चुकलं की दार बंद. त्यांतली कितीतरी माणसं आज पन्नाशीला टेकली तरी हंगामी कामं करत आहेत. पाव टक्क्याची घाई आणि दोन टक्क्यांचा कर यांचा हिशोब करताना ही माणसं रकान्यात धरली पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं.

यावर मोठा आक्षेप येतो. जपान सरकारने 1990 च्या दशकात खर्च केला नाही का? पूल, धरणं, रस्ते यांवर पॅकेजमागून पॅकेजं काढली, देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून वर गेलं, आणि तरी हाती काय लागलं? आक्षेप गंभीर आहे. बरेच पूल गरज नसलेल्या जागी बांधले गेले, हेही खरं. पण एक गोष्ट पाहा. जमिनीच्या आणि शेअरच्या भावांत एवढी संपत्ती बुडूनही जपानमध्ये 1930 च्या अमेरिकेसारखी पडझड झाली नाही. उद्योग खर्च आखडत होते तेव्हा ती पोकळी सरकार भरत होतं, म्हणून हे टळलं. ज्या ज्या वेळी सरकारने हात आखडला, त्या त्या वेळी घसरण झाली, महसूल आटला आणि तूट उलट वाढली. कर्जाचा डोंगर काही प्रमाणात या धरसोडीतून उभा राहिला.

सलग आणि निर्धाराने केलं तर काय होतं, तेही जपानच्याच इतिहासात आहे. डिसेंबर 1931 मध्ये अर्थमंत्री झालेल्या कोरेकियो ताकाहाशी यांनी लगेच येन सोन्यापासून सोडवला, त्याचं मूल्य उतरू दिलं, सरकारी खर्च वाढवला आणि 1932 च्या अखेरीपासून सरकारचे रोखे थेट बँक ऑफ जपानला घ्यायला लावले. महामंदीतून सर्वांत लवकर बाहेर पडलेल्या देशांत जपान होता. या मार्गाचा धोकाही तिथेच दिसला. उद्योग सावरल्यावर ताकाहाशींनी लष्करी खर्चाला लगाम घालायचा प्रयत्न केला आणि 26 फेब्रुवारी 1936 रोजी लष्करातल्या बंडखोरांनी त्यांची हत्या केली. नंतर त्या नळाला आवर घालणारं कोणी राहिलं नाही. म्हणून 1947 च्या जपानी वित्त कायद्याने रोखे थेट मध्यवर्ती बँकेला विकायला बंदी केली. ही भीती मला मान्य आहे. पण ज्या देशात वर्षानुवर्षं भाव घसरत आहेत, तिथे भाव भडकण्याच्या भीतीने हात बांधून बसणं म्हणजे दुष्काळात पुराची तयारी करणं होय.

2013 मध्ये बँक ऑफ जपानचे नवे गव्हर्नर हारुहिको कुरोदा यांनी भाव वाढू देण्याचं हे वचन प्रथमच मोठ्या आवाजात दिलं: दोन वर्षांत 2 टक्के महागाई आणू. येन घसरला, शेअर वधारले, 2014 च्या सुरुवातीला किमती एक टक्क्याहून अधिक वेगाने वाढू लागल्या. आणि एप्रिल 2014 मध्ये सरकारने उपभोग कर 8 टक्के केला. घरांचा खर्च एकदम पडला आणि वर्षभरात महागाई शून्याजवळ परतली. जानेवारी 2016 मध्ये उणे 0.1 टक्के दरही जाहीर झाला, तरी त्याने काही साधलं नाही. एकाच देशाची तिजोरी आणि मध्यवर्ती बँक एकमेकींच्या विरुद्ध ओढत असतील, तर कुठलंही वचन टिकत नाही.

भाव शेवटी हलले ते 2022 मध्ये, तेल-धान्याच्या आयातीचे दर चढल्यामुळे आणि येन कमजोर पडल्यामुळे. पण त्या भाववाढीला टिकाऊपणा आला तो मजुरीमुळे. 2024 च्या वसंतातल्या कामगार वाटाघाटींत मोठ्या संघटनांना 5 टक्क्यांहून अधिक वाढ मिळाली, तीन दशकांतली सर्वांत मोठी. त्याच मार्चमध्ये उएदा यांच्या बँकेने उणे दर संपवला.

आपल्याकडे 2020 मध्ये ‘भारतही या सापळ्यात’ असं बरंच लिहिलं गेलं. बँका कर्ज न देता पैसे रिझर्व्ह बँकेकडे ठेवत होत्या. 15 एप्रिल 2020 रोजी ती रक्कम 6.9 लाख कोटी रुपये होती. दिसायला चित्र जपानसारखं. पण रेपो दर तेव्हा 4.4 टक्के आणि मे अखेरपासून 4 टक्के होता आणि वर्षाचा मोठा भाग महागाई 6 टक्क्यांच्या वर होती, म्हणजे खरा व्याजदर उणेच होता. कर्ज अडलं होतं ते टाळेबंदीमुळे आणि बुडण्याच्या भीतीमुळे. तिथे सरकारी हमीवर लहान उद्योगांना कर्ज देणं हा योग्य उपाय होता, आणि तो केलाही गेला. व्याज आणि भाव दोन्ही शून्याला टेकलेले असतील आणि बँकांची शिल्लक फुगत असताना कर्जं आक्रसत असतील, तेव्हाच जपानचा धडा जसाच्या तसा लागू होतो. अशा वेळी अर्थमंत्र्यांनी मध्यवर्ती बँकेकडे बोट दाखवलं, तर त्यांना विचारायला हवं की पुढची तीन वर्षं तुमचा खर्च किती राहील आणि तोवर कर वाढवणार नाही हे लिहून देता का.